घर की कुटुंब? शासन निर्णय गावाच्या बोलीत आणताना

जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. निर्माणी आणि वसाहत कुंपणाच्या आत, आणि कुंपणाला लागून शहापूर, ठाणा अशी धानाची गावे. आतला माणूस पगारावर किंवा पेन्शनवर जगतो, बाहेरचा बांधीवर. पुष्कळ घरांत दोन्ही असतात. सासरा निर्माणीतून निवृत्त झालेला, मुलगा तिथेच ठेकेदाराकडे रोजीवर, आणि सून रोवणीला जाणारी. हे आधी सांगण्याचे कारण असे, की या लेखात ज्या एका शब्दाची गोष्ट मला सांगायची आहे, तो शब्द अशाच एका घरात जाऊन अडकला.

मी कुठल्या विद्यापीठात भाषा शिकलेलो नाही. झाडीबोलीतले शेतीचे शब्द जमवता जमवता शासकीय मराठीकडे वळलो. लोक माझ्याकडे कागद घेऊन येत आणि म्हणत, "यात लिवला का हाय, तेवढा सांग." तेव्हापासून शासन निर्णयांचा सारांश एका पानात, मोठ्या अक्षरात लिहून देण्याची सवय लागली. शासन निर्णय मराठीतच असतो. मग मराठीतून मराठीत आणायला अडचण काय, असे वाटेल. अडचण आहे, आणि ती जड शब्दांची कमी व लहान शब्दांची जास्त आहे. 'अनुज्ञेय', 'निर्गमित', 'विहित' हे शब्द कोशात सापडतात. 'तथापि', 'वगळून', 'किंवा', 'पूर्ण' हे शब्द सगळ्यांना येतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. पात्रता मात्र त्यांच्यावरच ठरते.

उदाहरण म्हणून 'मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण' योजनेचा शासन निर्णय घेतो. तो बहुतेक वाचकांच्या ओळखीचा आहे, आणि माझी चूकही त्यातच झाली.

कागद कोणता?

महिला व बाल विकास विभागाचा मूळ निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात अर्जाची सुरुवात १ जुलै, शेवटचा दिवस १५ जुलै, वय २१ ते ६० आणि कुटुंबाकडे पाच एकरांपेक्षा जास्त शेतजमीन नसावी, अशा गोष्टी होत्या. ३ जुलैला सुधारणा आली. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, वयाची वरची मर्यादा ६५ झाली, जमिनीची अट निघाली आणि कुटुंबातल्या एका अविवाहित महिलेलाही लाभ खुला झाला. १२ जुलैला आणखी एक निर्णय आला. म्हणजे पंधरवड्यात तीन कागद झाले, आणि तिन्ही पीडीएफ एकाच वेळी लोकांच्या फोनमध्ये फिरत होत्या. त्यांची वरची पट्टी सारखी, विभागाचे नाव सारखे, योजनेचे नावही सारखे.

आमच्याकडे जुलैचा पहिला पंधरवडा म्हणजे रोवणीची धांदल. बाया सकाळी परे खणायला जातात, दिवसभर चिखलात असतात आणि अंधार पडता घरी येतात. ज्यांच्या फोनवर पहिला कागद आला होता, त्यांनी १५ जुलै वाचून मजुरी पाडली आणि दाखल्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. पाच एकरांची अट वाचून काहींनी विचारणेच सोडून दिले. या दोन्ही गोष्टी तेव्हा लागू नव्हत्या.

म्हणून सारांश लिहायला बसण्याआधी तीन जागा पाहायच्या. पहिली, कागदावरचा दिनांक. दुसरी, 'वाचा' या शब्दाखालची यादी. शासन निर्णयात सुरुवातीलाच आधीच्या संबंधित निर्णयांचे क्रमांक आणि तारखा दिलेल्या असतात. यादीत त्याच योजनेचा जुना निर्णय दिसला, तर हातातला कागद सुधारणेचा आहे आणि तो एकटा वाचून चालणार नाही, हे कळते. तिसरी जागा म्हणजे शेवटच्या परिच्छेदातला संगणक संकेतांक. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. फिरत आलेल्या पीडीएफचे पहिले पान फाटके किंवा पुसट असेल, तर हा आकडा उपयोगी पडतो. शासनाच्या gr.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर तो घालून मूळ प्रत काढता येते. त्याच विभागाचे त्यानंतरचे निर्णयही तिथेच पाहून घ्यायचे. नंतरचा कागद आहे का, हे आधीचा कागद कधीच सांगू शकत नाही.

सुधारणेचा सारांश लिहिताना आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. निघालेली अट नुसती गाळली, तर ती लोकांच्या डोक्यातून निघत नाही. पाच एकरांची गोष्ट गावभर झालेली असते. आपल्या पानावर ती दिसली नाही, तर वाचणारा म्हणतो, 'लिहायची राहिली असेल.' म्हणून स्पष्ट लिहावे लागते: 'जमिनीची अट आता नाही. जमीन कितीही असो, त्यामुळे अर्ज अडत नाही.' रद्द झालेल्या अटीलाही सारांशात एक ओळ द्यावी लागते.

अक्षरे आणि आकडे

पीडीएफमधला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, की मराठीचे हाल होतात. पहिल्या वेलांटीच्या जागी भलतेच अक्षर येते, 'निर्णय'चे 'लनर्णय' होते, अनुस्वार पुढे सरकतो. हा बिघाड दिसतो, म्हणून तो फारसा धोक्याचा नाही. धोका आकड्यांत आहे. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या पानावर ५ आणि ६, १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, आणि चुकलेला आकडा हा आकडाच दिसतो. शब्द चुकला तर वाक्य अडखळते, तारीख चुकली तर काहीच अडखळत नाही. म्हणून मी आकडे चिकटवत नाही. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने हाताने लिहायचे. त्यानंतर लिहिणाऱ्याने वाचायचे आणि पहिल्याने मूळ कागदावर बोट ठेवायचे. पतपेढीत रोकड मोजतात तसेच हे काम आहे.

तारखांच्या बाबतीत प्रत्येक तारखेपुढे ती कशाची, हे लिहायलाच हवे. सुधारित निर्णयात ३१ ऑगस्ट ही अर्जाची तारीख होती आणि १ जुलै ही लाभ सुरू होण्याची. ३१ ऑगस्टपर्यंत केव्हाही अर्ज केला, तरी पैसे १ जुलैपासूनचे मिळणार होते. नुसत्या '१ जुलै ते ३१ ऑगस्ट' या ओळीतून हे कळत नाही. आमच्याकडच्या बाईला तेच कळायला हवे होते: रोवणी उरकून अर्ज केला तरी जुलैचे पैसे बुडत नाहीत.

काही कागदांत तारीखच नसते, मुदत असते. याच योजनेच्या ई-केवायसीचे परिपत्रक १८ सप्टेंबर २०२५ चे. त्यात परिपत्रकाच्या दिनांकापासून दोन महिने असे म्हटले होते. गावात कागद पोचतो तेव्हा लोक दोन महिने त्या दिवसापासून मोजतात. म्हणून सारांशात मोजून लिहावे: 'दोन महिने, १८ सप्टेंबरपासून, म्हणजे १८ नोव्हेंबर २०२५ पर्यंत.' मूळ शब्द आणि आपली मोजणी दोन्ही ठेवायची. पुढे या कामाला मुदतवाढ मिळाली, तेव्हा ज्यांच्या पानावर दोन्ही होते त्यांना नेमके काय बदलले ते लगेच कळले.

वय 'लागले' की 'पूर्ण' झाले?

निर्णयात वयाची २१ वर्षे पूर्ण आणि कमाल ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, असे आहे. आपल्या बोलीत वय दोन तऱ्हांनी सांगतात. 'मले पासष्टावं लागलं' म्हणणाऱ्या बाईची चौसष्ट वर्षे पूर्ण झालेली असतात, पासष्ट नव्हे. ती पात्र आहे. उलट 'पोरीला एकविसावं लागलं' असे आई म्हणते तेव्हा पोरीची वीसच पूर्ण झालेली असतात. ती अजून पात्र नाही. सारांशात '२१ ते ६५' एवढेच लिहिले, तर दोन्ही टोकांना चूक होते, एकीकडे पात्र बाई मागे राहते आणि दुसरीकडे अपात्र मुलगी रांगेत लागते. मी लिहितो: 'एकविसावा वाढदिवस होऊन गेलेला हवा. पासष्टावा अजून व्हायचा हवा. आधार कार्डावरची जन्मतारीख पाहा.' ओळ लांबते, पण त्यावर प्रश्न येत नाहीत.

माझी चूक

आता त्या शब्दाकडे येतो. अपात्रतेच्या अटींत एक अशी आहे, की कुटुंबातील सदस्य सरकारी विभाग, उपक्रम, मंडळ किंवा स्थानिक संस्थेत नियमित वा कायम कर्मचारी असेल किंवा निवृत्तिवेतन घेत असेल, तर त्या महिलेला लाभ नाही. त्यापुढे 'तथापि' येतो: अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेले बाह्य यंत्रणेमार्फत काम करणारे कर्मचारी, स्वयंसेवी कामगार आणि कंत्राटी कर्मचारी यांना ही अट आडवी येत नाही.

मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात लिहिले होते: 'घरात कोणी सरकारी नोकर किंवा पेन्शनर असेल तर फॉर्म भरू नये.' ओळ सुटसुटीत होती, सगळ्यांना कळली. तिच्यात तीन चुका होत्या.

पहिली चूक 'सरकारी नोकर' या शब्दांची. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, आणि भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. वसाहतीत लगेच वाद सुरू झाला, 'आता आमची कंपनी झाली, आम्ही सरकारी कुठे?' मूळ कागदात त्याचे उत्तर होते. तिथे विभागाच्या जोडीला 'उपक्रम' हा शब्द आहे, आणि ही कंपनी सरकारचाच उपक्रम आहे. मी चार शब्दांचे दोन केले आणि उत्तर गाळून बसलो.

दुसरी चूक म्हणजे 'तथापि'नंतरचे वाक्य सोडले. निर्माणीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांच्या बायकांना वाटले, आपण बाद.

तिसरी चूक सर्वांत साधी दिसणारी. 'कुटुंब' हा शब्द जड वाटला म्हणून मी 'घर' लिहिले. १२ जुलैच्या निर्णयाने कुटुंबाचा अर्थ स्पष्ट केला: पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. सासू-सासरे त्यात नाहीत, दीर-जाऊ नाहीत. आपल्या बोलीत घर म्हणजे एका छपराखालचे सगळे. एक शब्द बदलला आणि अटीचे माप बदलले.

वसाहतीजवळच्या गावातली एक सून माझे पान वाचून गेली होती. सासरे निर्माणीतून निवृत्त, पेन्शन चालू. नवरा तिथेच ठेकेदाराकडे, वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत. रेशनकार्ड वेगळे आणि केशरी, पण राहणे एकाच घरात. माझ्या ओळीप्रमाणे ती बाद होती, मूळ कागदाप्रमाणे पात्र. १२ जुलैनंतर मी पान दुरुस्त केले, पण नवे पान जिथे लावले तिथून तिचे जाणे-येणे नव्हते. सप्टेंबरमध्ये ती अंगणवाडीत दुसऱ्या कामासाठी गेली आणि तिथे विचारून बसली, "माजा नाव येते का नाई?" नाव येत होते. तिने अर्ज भरला आणि पैसेही आले, पण सप्टेंबरमध्ये अर्ज केलेल्यांना सप्टेंबरपासूनचे. जुलै-ऑगस्टचे दोन हप्ते, तीन हजार रुपये, माझ्या एका 'घर'ने बुडवले. ती मला काही बोलली नाही. "तुमी तं चांगल्यासाठीच लिवला होता, भाऊ," एवढेच म्हणाली. तेवढे मला पुरले.

त्यानंतर मी एक नियम धरला. ज्या शब्दाचा अर्थ कागदाने स्वतः ठरवला आहे, तो शब्द बदलायचा नाही. तो ठेवायचा आणि पुढे त्याचा अर्थ सांगायचा. 'कुटुंब' हा शब्द 'घर'पेक्षा कठीण नाहीच, तो फक्त अरुंद आहे. सोपे करणे आणि रुंद करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या सुनेने शिकवले.

अटी मोजून उतरवणे

आता मी सारांश असा करतो. मूळ कागदातली प्रत्येक अट पेन्सिलने वेगळी करतो आणि तिला क्रमांक देतो. प्रत्येक अटीत 'आणि', 'किंवा', 'वगळून', 'तथापि', 'प्रति', 'पेक्षा जास्त', 'पर्यंत' यांना गोल करतो. मग साधी वाक्ये लिहितो, आणि प्रत्येक गोल पानावर कुठेतरी उतरला आहे का ते मोजतो. मूळ कागदात बारा गोल आणि माझ्या पानावर अकरा असतील, तर काहीतरी सांडले आहे.

'किंवा' सांडला तर बाईचे दिवस जातात. अधिवासाचा दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, पंधरा वर्षांपूर्वीचे मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांपैकी कोणतेही एक चालेल, असे सुधारणेत होते. एकाखाली एक अशी नुसती यादी लिहिली, तर लोक चारही गोळा करतात. 'वगळून' सांडला तर ट्रॅक्टर असलेले घर बाद होते, कारण चारचाकीच्या अटीत ट्रॅक्टर वगळलेला आहे. 'किंवा त्यापेक्षा जास्त' सांडले, तर दुसऱ्या शासकीय योजनेतून महिन्याला १५०० रुपयांहून जास्त घेणारीला वाटते, 'अट तर बरोबर पंधराशेची आहे, आपल्याला लागू नाही.'

शेवटी पान कोणा तिऱ्हाइताकडे द्यायचे, ज्याने मूळ कागद पाहिलेला नाही, आणि त्याला खरी वाटतील अशी चार माणसे द्यायची: सासऱ्याची पेन्शन असलेली सून, ट्रॅक्टरवाली, 'पासष्टावं लागलेली', संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला पंधराशे घेणारी विधवा. प्रत्येकीचे काय होईल, हे त्याने केवळ पानावरून सांगायचे. मग तेच मूळ कागदावरून आपण पाहायचे. उत्तरे जुळली नाहीत तर चूक पानाची, वाचणाऱ्याची नाही. 'घर'वाले पान मी अशा परीक्षेला बसवले असते, तर पहिल्याच बाईला नापास झाले असते.

दुरुस्त पानातला तो भाग पुढे असा झाला:

'कुटुंब म्हणजे तुम्ही, तुमचा नवरा आणि तुमची लग्न न झालेली मुले. यांच्यापैकी कोणी सरकारी खात्यात, सरकारी उपक्रमात, मंडळात किंवा स्थानिक संस्थेत कायम नोकरीला असेल, किंवा तिथली पेन्शन घेत असेल, तर लाभ नाही. निर्माणी सरकारी उपक्रमात येते. पण नवरा ठेकेदारामार्फत किंवा कंत्राटावर असेल आणि उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर अर्ज करता येतो. सासू-सासऱ्यांची पेन्शन यात धरत नाहीत. हे २८ जून, ३ जुलै आणि १२ जुलै २०२४ च्या निर्णयांवरून लिहिले आहे. यानंतर नवा निर्णय आला का, ते अंगणवाडीत विचारा.'

मूळ अटीपेक्षा हे लांब आहे. सोपे म्हणजे थोडके, असा आपला समज असतो. निदान पात्रतेच्या बाबतीत तो खरा नाही. शासकीय वाक्य तिरक्या रेषांनी आणि कंसांनी आखूड झालेले असते, ते उलगडले की लांबते. काय गाळायचे ते प्रस्तावना, समित्यांची रचना, लेखाशीर्ष, प्रतींची यादी यांतून गाळावे. गावातल्या माणसाला त्यांचे काम नसते, आणि बहुतेक निर्णयांत पानेही त्यांनीच भरलेली असतात.

सारांश लिहिणाऱ्याची एक मर्यादाही आहे. कागद जिथे गप्प आहे तिथे आपणही गप्प राहायचे. एकाच घरात राहणाऱ्या, पण चुली वेगळ्या असलेल्या दोन अविवाहित बहिणींचे काय, नवरा सोडून गेला पण कागदोपत्री घटस्फोट नाही अशा बाईचा पुरावा कोणता, असे प्रश्न आले की उत्तर द्यायचा मोह होतो. अशा वेळी मी पानावर 'हे कागदात लिहिलेले नाही, विचारून घ्या' एवढेच लिहितो. माझा अंदाज पानावर गेला की तो गावात नियम होतो. एकदा तसे करून पाहिले आहे, आणि त्याचे तीन हजार रुपये दुसऱ्याने भरले आहेत.

ते जुने पान मी फाडलेले नाही. 'घर' या शब्दाला लाल गोल करून ते टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. नवा कागद उलगडला की नजर आधी तिथे जाते.